आयकार्डची फीत पुसली, तरी शर्टावर तिची खूण उरते: ग्रुप फोटोतला नेहमीचा प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन असो की वार्षिक कार्यक्रम, शेवटी पोर्चमध्ये ग्रुप फोटो ठरलेला. प्रत्येकाच्या गळ्यात लाल नाहीतर निळी फीत, पोटावर आयकार्ड, दोन-तीन जणांच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. मग एचआरकडून निरोप येतो: फोटो रिसेप्शनला फ्रेम करून लावायचा आहे, कार्डं काढून द्या. फोटोशॉपमध्ये फीत पुसून फाइल दिली जाते आणि परत येते. मोबाइलवर सगळं ठीक दिसत होतं; तीन फुटी प्रिंटवर मात्र प्रत्येकाच्या छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत उतरणाऱ्या दोन पुसट तिरप्या रेघा दिसतात.

या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. पुसली गेली ती फक्त फीत. फितीने कापडावर जे केलं होतं ते तसंच राहिलं. फितीच्या एका कडेला बारीक सावली पडलेली असते. गडद रंगाची फीत पांढऱ्या किंवा फिक्या शर्टावर आपल्या रंगाची झाक सोडते. कार्डाच्या वजनाने कापड ओढलं जाऊन चुणी पडते. शिवाय कॉलरची पाती फितीमुळे किंचित उचललेली असते. हे सगळं जागेवर ठेवून मधली पट्टी भरली, तर डोळ्याला ती पट्टी दिसतेच, फक्त आता ती शर्टाच्या रंगाची असते.

आधी माप घ्या

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. एका रांगेत आठ जण खांद्याला खांदा लावून उभे असतील आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडली असेल, तर एका माणसाच्या वाट्याला सुमारे ६०० पिक्सेल येतात. म्हणजे कापडाच्या एका सेंटिमीटरला साधारण १३ पिक्सेल. दोन सेंटिमीटरची फीत २६ पिक्सेल रुंद दिसते. एटीएम कार्डाच्या मापाचं आयकार्ड, म्हणजे ८५.६ गुणिले ५४ मिलिमीटर, सुमारे ११० गुणिले ७० पिक्सेल भरतं. त्याचं प्लास्टिकचं पाकीट आणि क्लिप धरून थोडं जास्त.

हे माप हाताशी असलं की निवड किती वाढवायची ते कळतं. फितीच्या कडेला बरोबर चिकटून केलेली निवड हीच पहिली चूक. कडेचे दोन-तीन पिक्सेल फीत आणि शर्ट यांच्या मिसळीचे असतात. जेपेग फाइलमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे लाल फितीचा लालपणा तिच्या कडेबाहेरही काही पिक्सेल पसरतो. म्हणून काम शक्यतो रॉ फाइलवरून सुरू करावं. जेपेगच असेल तर `Select > Modify > Expand` ने निवड चारही बाजूंनी चार पिक्सेल वाढवावी, आणि ज्या बाजूला सावली पडली आहे तिकडे हाताने आणखी आठ-दहा पिक्सेल घ्यावेत. पोर्चमध्ये उजेड समोरून आणि वरून येतो, त्यामुळे सावली बहुधा तिरप्या फितीच्या खालच्या कडेला असते. फ्लॅश एका बाजूला असेल तर ती फ्लॅशच्या विरुद्ध बाजूला जाते आणि जास्त धारदार असते.

कार्डाची सावली वेगळी बघावी. कार्ड पोटापासून थोडं पुढे लोंबतं, म्हणून त्याची सावली कार्डापासून सुटी, खाली आणि पसरट असते. कार्ड पुसल्यावर शर्टावर जो डाग राहिल्यासारखा वाटतो तो बहुतेक वेळा हीच सावली.

कडेजवळ हीलिंग का बिघडतं

`Healing Brush` आणि `Patch Tool` कापडाचा पोत एका जागेहून घेतात आणि रंग-उजेड आसपासच्या भागाशी जुळवतात. साध्या शर्टाच्या मध्यभागी हे उत्तम चालतं. पण फीत कॉलरखालून निघते, बटणपट्टी ओलांडते, कधी खिशाच्या कडेवरून जाते. तिथे आसपासचा भाग म्हणजे गळ्याची त्वचा, बटण किंवा खिशाची गडद शिवण. त्यांचा रंग ब्रश आत ओढून घेतो आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी धूर पसरल्यासारखं दिसतं. असं दिसलं की ब्रश बारीक करून उपयोग नाही, साधन बदलायला हवं.

नियम सोपा ठेवावा. कोणत्याही कडेपासून दहा-पंधरा पिक्सेलच्या आत `Clone Stamp`, आणि कडेपासून दूर, मोकळ्या कापडावर `Healing Brush`. दोन्हीसाठी वर एक रिकामा लेयर घ्यावा आणि `Sample` मध्ये `Current & Below` निवडावं, म्हणजे मूळ फोटोला हात लागत नाही. `Clone Stamp` ची `Hardness` साठ ते ऐंशी टक्के असावी. पूर्ण मऊ ब्रशने वीण धुरकट होते, आणि मोठ्या प्रिंटवर ती धुरकट पट्टी म्हणजेच उरलेली फीत.

`Edit > Content-Aware Fill` साध्या रंगाच्या शर्टावर वेळ वाचवतं, पण ते कुठून उचलतं ते बघावं लागतं. हिरव्या रंगाने दाखवलेल्या भागातून चेहरे, हात, शेजाऱ्याचा शर्ट हे सगळं ब्रशने वजा करावं आणि त्याच माणसाच्या छातीचा, सारख्याच उजेडातला भाग ठेवावा. `Output To` मध्ये `New Layer` घ्यावं. चौकडीच्या शर्टावर मात्र याच्या वाटेला न गेलेलं बरं. रेषा जुळत नाहीत आणि नंतर दुरुस्त करण्यात दुप्पट काम पडतं.

चौकडीचा शर्ट: एक उदाहरण पूर्ण करून

फिक्या निळ्या चौकडीचा युनिफॉर्म, लाल फीत, मधल्या रांगेतला माणूस. कार्ड चौथ्या बटणाच्या जरा बाजूला, खिशाचा खालचा कोपरा झाकून लोंबतंय. यापेक्षा अवघड प्रकार ग्रुप फोटोत क्वचित येतो, आणि हा जमला की बाकीचे शर्ट सोपे वाटतात.

सुरुवात पुसण्याने करू नये. आधी कापड कुठून मिळेल ते शोधावं. त्याच ग्रुपचे लागोपाठ काढलेले इतर फोटो उघडावेत. माणूस थोडा हलला, वळला की कार्ड चार-पाच सेंटिमीटर सरकतं आणि एका फोटोत झाकलेला खिशाचा कोपरा दुसऱ्यात उघडा सापडतो. तो फोटो वरच्या लेयरवर आणून दोन्ही लेयर निवडावेत आणि `Edit > Auto-Align Layers` मध्ये `Reposition` घ्यावं. `Auto` ठेवलं तर प्रोग्रॅम चित्र ताणतो आणि चौकडी वाकते. जुळवणी सगळ्या ग्रुपवर अवलंबून राहू नये म्हणून आधी त्या माणसाचा छाती-पोटाचा चौकोन दोन्ही लेयरवर स्वतंत्र कापून घेतलेला चांगला. मग मास्क काळा करून फक्त कार्डाच्या जागी पांढरा ब्रश फिरवला की खरा खिसा, खरं बटण, खरी शिवण मिळते. कार्डाचा प्रश्न असा अर्ध्याहून जास्त वेळा सुटतो.

गळ्याजवळची फीत मात्र कोणत्याच फोटोत हलत नाही. ती कॉलरखाली अडकलेली असते. तिच्यासाठी कापड त्याच शर्टाच्या खालच्या भागातून घ्यावं लागतं.

चौकडीच्या उभ्या रेषा छातीवरून पोटाकडे अखंड जातात, म्हणून फितीखाली जी रेषा दडली आहे तीच सात-आठ सेंटिमीटर खाली उघडी आहे. बटणपट्टीच्या त्याच बाजूचा एक आयत `Lasso` ने निवडून `Ctrl+J` करावं आणि तो तुकडा वर सरकवावा. किती सरकवायचं ते चौकडी ठरवते. दोन आडव्या रेषांमधलं अंतर २६ पिक्सेल असेल तर तुकडा २६ च्या पटीत, म्हणजे ७८ किंवा १०४ पिक्सेल वर जायला हवा. अंदाजाने न ठेवता लेयरचा मोड `Difference` करावा. रेषेवर रेषा बसली की तिथला भाग काळा होतो, नाही बसली तर उजळ दुहेरी रेघा दिसतात. बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल हलवत तो काळा करायचा.

सगळा तुकडा एकदम काळा होणार नाही, कारण छाती गोल आहे आणि पोटावरच्या रेषा वेगळ्या वाकतात. `Edit > Transform > Warp` ने कोपरे थोडे ओढावेत. ओढ चार-पाच पिक्सेलपेक्षा जास्त लागत असेल तर तुकडा फार मोठा घेतला आहे असं समजावं. फीत लांबीने तीन-चार छोट्या तुकड्यांत भरली तर प्रत्येक तुकडा कमी वाकवावा लागतो.

मोड परत `Normal` करून काळा मास्क लावावा आणि पांढऱ्या ब्रशने तुकडा उघडावा. इथे एक बारकावा खूप फरक पाडतो. जोड नेहमी चौकडीच्या रेषेवर आणावा, दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेत आणू नये. रेषेच्या कडेला डोळ्याला फरक अपेक्षितच असतो, म्हणून तिथे जोड दडतो. मोकळ्या फिक्या जागेत तोच जोड उठून दिसतो.

उलट बाजूचा तुकडा आरसा करून वापरायचा मोह इथे होतो. `Clone Source` पॅनलमध्ये `W` ला `-100%` दिलं की तो लगेच मिळतोही. पण पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते आणि खिसा डाव्या बाजूला असतो. आरशातला तुकडा बटणपट्टीची घडी उलटी करतो, खिशाची शिवण उजवीकडे आणतो आणि उजेडाची दिशाही फिरवतो. भरतकामातला कंपनीचा लोगो उलटा आला तर तो सगळ्यात आधी कंपनीच्याच लोकांना दिसतो. आरसा फक्त बटणपट्टी आणि खिसा सोडून, समोरून सपाट उजेड असताना वापरावा.

युनिफॉर्म असल्याचा एक मोठा फायदा आहे: शेजारच्या माणसाचा शर्टही तोच असतो. कार्डाखाली लोगो झाकला गेला आणि कोणत्याच फोटोत तो उघडा मिळाला नाही, तर त्याच रांगेतल्या, उजेडाच्या त्याच बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा लोगो उचलून `Free Transform` ने मापात बसवावा. लोगो मनाने रंगवू नये.

आता कॉलर. फीत गेल्यावर कॉलरच्या पातीखाली शर्ट सपाट आणि उजळ दिसतो, पाती हवेत तरंगते. खऱ्या कॉलरखाली तीन-चार पिक्सेलची मऊ सावली असते. फीत न घातलेला कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याच्या कॉलरकडे बघून सावली किती गडद ते ठरवावं. नवा लेयर `Multiply` मोडवर घ्यावा, शर्टाच्या सावलीतलाच निळसर करडा रंग उचलावा, काळा घेऊ नये, आणि पातीच्या कडेखाली एक बारीक फटकारा देऊन लेयरची `Opacity` कमी करत जुळवावी. एवढ्याने फितीची जागा शर्टाचा भाग वाटू लागते.

शेवटी झाक. लाल फितीजवळ निळा शर्ट किंचित जांभळट आणि हनुवटीखालची त्वचा जरा लालसर होते. नवा लेयर `Color` मोडवर घेऊन जवळच्या स्वच्छ कापडाचा रंग उचलावा आणि वीस-तीस टक्के `Opacity` च्या मऊ ब्रशने फिरवावा. या मोडमध्ये उजेड बदलत नाही, त्यामुळे वीण आणि रेषा शाबूत राहतात. चौकडीवर मात्र ब्रश हलकाच ठेवावा, नाहीतर रेषांचा निळा आणि मधला पांढरा एकाच रंगाचे होतात.

पैठणीचा पदर आणि पर्सचा पट्टा

कार्यक्रमाला महिला अधिकारी पैठणी नेसून आल्या असतील तर पर्सचा पट्टा पदराच्या चुण्यांवरून तिरपा जातो. चुण्या खांद्याला पिन लावून बसवलेल्या असतात, एकावर एक. पट्टा पाच-सहा चुण्या ओलांडतो आणि प्रत्येक चुणीवर काठाचा किंवा बुट्टीचा वेगळाच तुकडा दिसत असतो.

इथे पट्टा एका झटक्यात भरायला गेलं की जरीकाम विस्कटतं. प्रत्येक चुणी ही स्वतंत्र पट्टी समजावी. `Pen Tool` ने एका चुणीच्या दोन कडा आखून निवड करावी, त्याच चुणीचा पट्ट्याच्या लगेच वरचा किंवा खालचा भाग घेऊन चुणीच्या दिशेने सरकवावा, मग पुढची चुणी. निवड चालू असल्यामुळे ब्रश शेजारच्या चुणीत शिरत नाही. जरीची चमक चुणीच्या कलानुसार बदलते, म्हणून उजळ चुणीत गडद चुणीचं जरीकाम टाकलं की माप बरोबर असूनही ते मळकं दिसतं. नारळी काठातले कोन एकसारखे ओळीने येतात, त्यामुळे चौकडीसारखीच मोजणी तिथेही चालते: एका कोनापासून पुढच्या कोनापर्यंतचं अंतर मोजून त्याच्या पटीत सरकवायचं. मुनिया काठातल्या पोपटाची चोच अर्धी पट्ट्याखाली असेल, तर त्याच काठावरचा पूर्ण दिसणारा दुसरा पोपट आणावा. पैठणी ओळखणाऱ्या घरांत अर्धवट पोपट लपत नाही.

हात पदरावर असतील तर आधी बोटांची निवड करून ती सेव्ह करून ठेवावी आणि भरण्याचं काम बोटांच्या मागच्या लेयरवर करावं.

लॅपटॉप बॅगेचा जाड पट्टा

रंग भरून हा प्रश्न संपत नाही, कारण पट्ट्याने खांदा दाबलेला असतो. ब्लेझरचं पॅड खचलेलं आणि छातीवर पट्ट्याकडे धावणाऱ्या चुण्या. पट्टा गेला की या चुण्यांना कारणच उरत नाही आणि माणूस कुबड काढून उभा आहे असं वाटतं. पट्टा भरून झाल्यावर `Filter > Liquify` मध्ये खळग्याच्या दुप्पट मोठा ब्रश घेऊन खांद्याची रेषा दुसऱ्या खांद्याशी ताडून हळूच वर न्यावी. चेहरा आणि मागच्या माणसाचा भाग आधी `Freeze Mask` ने गोठवावा, नाहीतर मागच्याची हनुवटी वाकते. चुण्यांसाठी दोन `Curves` लेयर घ्यावेत, एक उजळ करणारा, एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क काळे. पाच-दहा टक्के `Flow` च्या पांढऱ्या ब्रशने चुणीचा गडद भाग उजळावा आणि उजळ भाग दाबावा. सगळ्या चुण्या काढू नयेत. शर्टाला बगलेपाशी चुण्या असतातच. फक्त पट्ट्याकडे रोखलेल्या तेवढ्या सौम्य कराव्यात.

प्रिंटला देण्याआधी खूण शोधण्याची रीत

पुसट खूण नुसत्या डोळ्याला दिसत नाही, ती उठवून बघावी लागते. सगळ्यात वर एक `Curves` लेयर घ्यावा. शर्टाचा उजेड आलेखात जिथे पडतो तिथे दोन बिंदू जवळजवळ ठेवून एक खाली आणि एक वर ओढावा, म्हणजे तेवढ्याच छटेतला फरक कितीतरी पटीने वाढतो. फोटो भयंकर दिसतो, पण फितीची तिरपी रेघ कुठे उरली आहे ते लगेच कळतं. पांढरे शर्ट आणि गडद ब्लेझर यांसाठी बिंदूंची जागा बदलून दोनदा बघावं. तपासून झालं की लेयर बंद करायला विसरू नये.

दुसरी तपासणी राहून गेलेल्या तुकड्यांची. मागच्या रांगेत दोन डोक्यांच्या फटीतून फितीचा एक सेंटिमीटर लाल तुकडा दिसत राहतो. मूळ फोटोतल्या फितीवरून `Select > Color Range` मध्ये रंग उचलून `Selection Preview` ला `White Matte` ठेवावं. पांढऱ्या पडद्यावर लाल ठिपके दिसले की एकेक तपासत जावं. ओठ, टिकल्या, गजऱ्याशेजारची लाल फुलं आणि मागचा बॅनरही त्यात येतील, ते ओळखू येतात.

भरलेला भाग आसपासच्यापेक्षा गुळगुळीत वाटत असेल, विशेषतः `Warp` केलेला, तर फक्त त्या लेयरवर `Filter > Noise > Add Noise` मध्ये `Gaussian`, `Monochromatic` आणि एक ते दोन टक्के पुरतात.

फोटो काढतानाच करायच्या गोष्टी

फोटोआधी "कार्डं खिशात टाका" असं सांगितलं की कार्ड खिशात जातं आणि फीत गळ्यातच राहते, वर खिसा फुगतो. यापेक्षा कार्डं उतरवून एका ट्रेमध्ये जमा करायला सांगावं आणि परत वाटायला कंपनीचाच एक माणूस उभा करावा. अंबाडा किंवा गजरा असलेल्यांना फीत डोक्यावरून काढायला नको असते. बऱ्याच फितींना मानेमागे ओढल्यावर सुटणारा जोड असतो, तो शेजारणीला सोडायला सांगावा. बॅगा पहिल्या रांगेच्या पायाशी न ठेवता चौकटीबाहेर ठेवाव्यात. हे जमलं नाही तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून सहा-सात फोटो घ्यावेत आणि मध्येच एकदा "कार्ड हाताने बाजूला धरा" म्हणून एक वेगळा फोटो घ्यावा. त्या एका फोटोत प्रत्येकाच्या पोटावरचं कापड उघडं मिळतं आणि बटणपट्टी, खिसा, लोगो शोधत बसावं लागत नाही.

कार्ड काढायचं की नाही हे आधी कंपनीकडून लेखी घ्यावं. सुरक्षा दिनाच्या फोटोत काही ठिकाणी कार्ड आणि हेल्मेट दिसणं हेच हवं असतं. फोटो वर्तमानपत्राला बातमीसाठी किंवा कुठल्या नोंदीसाठी जाणार असेल तर न बदललेली फाइल द्यावी. काढलेली आवृत्ती फक्त भिंतीवरच्या फ्रेमसाठी आणि कंपनीच्या पुस्तिकेसाठी, आणि फाइलच्या नावातच तसं लिहावं.